आकड्यांना एकमेकांची साक्ष विचारा

पोट्टेहो, तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतात, सीबीसीचा छापील रिपोर्ट पुढे सरकवतात आणि म्हणतात, 'बोला.' मग तुमच्यातला जवळपास प्रत्येक जण एकच करतो. ठळक अक्षरांत छापलेले आकडे वाचून दाखवतो. 'हिमोग्लोबिन कमी, एमसीव्ही कमी, आरडीडब्ल्यू जास्त.' अरे बाप्पा, ते तर मशीननंच ठळक करून ठेवलंय. परीक्षकालाही दिसतंय आणि पेशंटच्या नातेवाइकालाही दिसतंय. तुम्हाला विचारायचं कारण वेगळं आहे. हा रिपोर्ट पेशंटच्या रक्ताचा आहे की ट्यूबमध्ये झालेल्या गडबडीचा, हे तुम्हाला कळतं का, ते त्यांना बघायचं असतं. उद्या अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये रात्रपाळीला एकटे बसाल, तेव्हाही प्रश्न हाच असेल.

तर पहिला कानमंत्र. प्रत्येक आकडा शेजारच्या नॉर्मल रेंजशी ताडून पाहायच्या आधी आकडे एकमेकांशी ताडून पाहा. हे का जमतं, तर मशीन सगळेच आकडे मोजत नाही. लाल पेशींच्या बाबतीत ते मुळात तीनच गोष्टी मोजतं. बारीक छिद्रातून पेशी गेली की विजेचा झटका उमटतो. झटके किती, यावरून आरबीसीची संख्या आणि झटका केवढा, यावरून पेशीचा आकार म्हणजे एमसीव्ही. तिसरं हिमोग्लोबिन, ते पेशी फोडून रंगाच्या गडदपणावरून काढतात. हिमॅटोक्रिट, एमसीएच आणि एमसीएचसी हे बहुतेक मशीनमध्ये नुसतं गणित असतं. काही मशीन आधी हिमॅटोक्रिट मोजून त्यावरून एमसीव्ही काढतात, पण साखळी तीच. आता हिमोग्लोबिन एका वाटेनं आलं आणि पेशींची संख्या नि आकार दुसऱ्या वाटेनं आले. दोन्ही वाटा एकाच रक्तातून निघाल्या असतील तर शेवटी जुळायलाच पाहिजेत. नाही जुळल्या, तर कुणीतरी खोटं बोलतंय.

जुळणी बघायला तीनचा नियम आहे. आरबीसी गुणिले तीन म्हणजे साधारण हिमोग्लोबिन, आणि हिमोग्लोबिन गुणिले तीन म्हणजे साधारण हिमॅटोक्रिट, दोन-तीन इकडेतिकडे. आरबीसी ५, हिमोग्लोबिन १५, हिमॅटोक्रिट ४५. हा नियम पाठ सगळ्यांचा असतो, पण तो कधी लागू होत नाही हे विचारलं की वर्गात शांतता. पेशींचा आकार आणि रंग नॉर्मल असेल तेव्हाच तो लागू. आपल्याकडे बायकापोरींच्या निम्म्याअधिक रिपोर्टांत पेशी लहान असतात, असं कोणताही जुना टेक्निशियन सांगेल. त्यामुळे नियम मोडला म्हणून लगेच मशीनला दोष द्यायचा नाही. नियम मोडला की एवढंच म्हणायचं, 'इथे थांबायचं, स्लाइड बघायची.' स्लाइडवर पेशी खरोखर लहान आणि फिकट दिसल्या तर नियम आजारामुळे मोडला. स्लाइडवर पेशी ठणठणीत दिसल्या तर दोष सॅम्पलमध्ये किंवा मशीनमध्ये शोधायचा.

या सगळ्या आकड्यांत माझा सगळ्यात विश्वासाचा एमसीएचसी. परीक्षेच्या दृष्टीनं तुम्ही त्याला दुय्यम समजता. मी रिपोर्ट हातात आला की आधी तिथेच बघतो. कारण असं की लाल पेशीत हिमोग्लोबिन ठासून भरायला मर्यादा आहे. ३२ ते ३६ च्या दरम्यान हा आकडा राहतो. खाली तो घसरू शकतो, लोह कमी पडलं की घसरतोच. पण वर जायला जागाच नाही. गोल पेशींचा जन्मजात आजार असला तर तो जरा वर जातो, तेही थोडंच. म्हणून ३८, ४० असा एमसीएचसी दिसला की पेशंटचा आजार शोधायच्या आधी ट्यूब हातात घ्यायची.

एक रिपोर्ट मांडून दाखवतो. जानेवारीतली सकाळ, चिखलदऱ्याहून सॅम्पल आलेलं. तिथली थंडी तुम्हाला माहीत आहे. पेशंट वयस्कर, पंधरवड्यापूर्वी खोकला-ताप होऊन गेलेला. मशीननं दिलं: हिमोग्लोबिन ११.८, आरबीसी २.६, हिमॅटोक्रिट २९, एमसीव्ही १११, एमसीएचसी ४०.७. नुसते ठळक आकडे वाचणारा म्हणेल, 'पेशी मोठ्या, संख्या कमी, बी-बारा कमी असेल.' आणि डॉक्टर त्या वाटेनं गेले तर इंजेक्शनंही सुरू होतील. पण साक्ष विचारा. आरबीसी २.६ ला तीननं गुणलं तर ७.८ येतात, हिमोग्लोबिन मात्र ११.८ आहे. म्हणजे चार ग्रॅम हिमोग्लोबिन ज्या पेशींतून आलं, त्या पेशी मोजल्याच गेल्या नाहीत. कुठे गेल्या? थंडीत एकमेकींना चिकटल्या. दोन-तीन पेशींचा गठ्ठा छिद्रातून गेला, मशीननं तो एक मोठी पेशी म्हणून मोजला. म्हणून संख्या कमी आणि आकार मोठा. त्याहून मोठे गठ्ठे तर हिशेबातच आले नाहीत. हिमोग्लोबिन काढताना मात्र सगळ्याच पेशी फुटतात, म्हणून तो आकडा खरा निघाला. याला कोल्ड ॲग्लुटिनिन म्हणतात. ट्यूब तिरपी करून काचेकडे नीट पाहिलं तर डोळ्यांनाही रवाळ दिसतं.

उपाय सोपा. ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये अर्धा तास ठेवायची, अलगद उलटसुलट करायची आणि थंड व्हायच्या आत लगेच मशीनला लावायची. दुसऱ्यांदा आलं: हिमोग्लोबिन तेच ११.८, आरबीसी ४.१, हिमॅटोक्रिट ३५.४, एमसीव्ही ८६, एमसीएचसी ३३.३. आता तीनचा नियम बसतो की नाही? ४.१ गुणिले तीन, १२.३. बसला. रिपोर्टखाली लिहायचं, 'सॅम्पल ३७ अंशांवर गरम करून पुन्हा तपासले. कोल्ड ॲग्लुटिनिनची शक्यता.' डॉक्टरांसाठी ती ओळ आकड्यांइतकीच कामाची असते. काही सॅम्पल एवढ्यानं सुटत नाहीत, पुन्हा चिकटतात. तेव्हा हिमोग्लोबिन तेवढं द्यायचं, बाकीचे आकडे राखून ठेवायचे.

एमसीएचसी वर जायचं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे दुधाळ प्लाझ्मा. पेशंट लग्नातलं जेवण जेवून आला किंवा त्याचे ट्रायग्लिसराइड भयंकर वाढलेले आहेत, तर प्लाझ्मा गढूळ होतो आणि गढूळपणालाच मशीन हिमोग्लोबिन समजतं. फरक ओळखायला अवघड नाही. इथे आरबीसी आणि एमसीव्ही ठीक असतात, एकटं हिमोग्लोबिन फुगतं. गरम करून काही होत नाही. प्लाझ्मा काढून तेवढंच सलाइन घालून पुन्हा लावायचं. तिसरं कारण, काढताना फुटलेलं रक्त. बारीक सुई, जोरात ओढलेली सिरिंज, आणि अकोटहून दुपारच्या एसटीनं बर्फाच्या डब्याशिवाय आलेली ट्यूब. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ च्या वर जातो, त्यात ती ट्यूब ड्रायव्हरच्या केबिनमध्ये तापलेली असते. प्लाझ्मा लालसर दिसला तर रिपोर्ट देऊ नका, सॅम्पल परत मागवा. शिव्या खाव्या लागल्या तरी चालेल.

आता तुमचा आवडता प्रश्न. 'काका, एमसीव्ही कमी आला म्हणजे आयर्न डेफिशियन्सीच नं?' बहुतेक वेळा हो. पण 'बहुतेक' या शब्दातच तुमची नोकरी आहे. दोन रिपोर्ट शेजारी ठेवा.

पहिला, दर्यापूरकडची कॉलेजची पोरगी. हिमोग्लोबिन ८.९, आरबीसी ३.९५, एमसीव्ही ७२, आरडीडब्ल्यू १८, प्लेटलेट साडेचार लाखांच्या वर. दुसरा, अमरावतीचा तिच्याच वयाचा पोरगा. हिमोग्लोबिन १०.८, आरबीसी ५.७, एमसीव्ही ६२, आरडीडब्ल्यू १५. दोघांचंही रक्त कमी, दोघांच्याही पेशी लहान. पण नीट पाहा, पोराच्या पेशी जास्त लहान असून हिमोग्लोबिन मात्र पोरीपेक्षा जास्त आहे. आणि त्याची पेशींची संख्या कमी तर नाहीच, उलट चढलेली आहे. पोरीच्या शरीरात लोहच नाही, म्हणून कारखाना मंदावला. पेशी कमी निघतात, निघतात त्या लहान, आणि जुन्या बऱ्या पेशींत नव्या लहान पेशी मिसळल्यामुळे आकारात तफावत, म्हणजे आरडीडब्ल्यू जास्त. पोराकडे लोहाची ददात नसावी. ग्लोबिन बनवण्यातच जन्मापासून कसर आहे. म्हणून पेशी भरपूर निघतात, पण सगळ्या सारख्याच लहान. हे चित्र बीटा थॅलेसेमिया ट्रेटचं.

एमसीव्हीला आरबीसीनं भागा. पोरीचं ७२ भागिले ३.९५ म्हणजे १८. पोराचं ६२ भागिले ५.७ म्हणजे अकराच्या आत. याला मेंट्झर इंडेक्स म्हणतात; १३ च्या वर गेला तर लोह कमी असण्याकडे कल, १३ च्या खाली आला तर थॅलेसेमिया ट्रेटकडे. कल म्हणतो, निदान म्हणत नाही. ट्रेट असलेल्या माणसाला लोहही कमी असू शकतं, मग इंडेक्स मधेच कुठेतरी येऊन बसतो. गरोदर बाईत आणि लहान लेकरात तर त्यावर फार भार टाकूच नये. पुढची पायरी सीरम फेरिटिन आणि एचपीएलसीवर हिमोग्लोबिन ए-टू. ए-टू साडेतीन-चार टक्क्यांच्या वर गेलं तर ट्रेट. इथेही एक मेख आहे. लोह फार कमी असेल तर ए-टू खोटं खाली येऊ शकतं, म्हणून फेरिटिन न बघता 'ए-टू नॉर्मल, थॅलेसेमिया नाही' असं कुणी म्हटलं तर मान डोलावू नका. सिंधी, लोहाणा अशा काही समाजांत हा ट्रेट जास्त आढळतो हे खरं, पण आडनाव बघून शंका घेणारा टेक्निशियन बाकीच्यांचे ट्रेट सोडून देतो. आयर्नच्या गोळ्या वर्षभर खाऊनही रक्त वाढत नाही, ही तक्रार घेऊन पेशंट येतो तेव्हा बहुधा आधीचा एखादा रिपोर्ट असाच कुणीतरी घाईत वाचलेला असतो. आणि उद्या त्या पोराचं लग्न ट्रेट असलेल्याच मुलीशी झालं तर प्रत्येक गरोदरपणात चारातली एक शक्यता मोठ्या आजाराची. हे सगळं आरबीसीच्या त्या एका आकड्यात दडलेलं होतं.

वऱ्हाडात राहून सिकलसेल सोडून पुढे जाता येत नाही. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याचे सॅम्पल तुमच्या हाताखालून जाणारच. १ जुलै २०२३ ला राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मिशन सुरू झालं, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट ठेवून, आणि ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी त्यात धरली आहे. म्हणजे तपासायचं काम तुमच्याच पिढीच्या अंगावर आहे. इथे मला तुम्हाला उलटा कानमंत्र द्यायचा आहे. सिकलसेल ट्रेट सीबीसीत दिसत नाही. हिमोग्लोबिन नॉर्मल, एमसीव्ही नॉर्मल, स्लाइडही साफ. आकडे सगळे जुळतात आणि तरी माणूस वाहक असतो. म्हणून 'सीबीसी चांगला आहे, सिकल करायची गरज नाही' हे वाक्य कुणाच्या तोंडून निघालं तर तिथल्या तिथे अडवा.

साधी सोल्युबिलिटी टेस्ट केली आणि ट्यूबमागच्या रेघा दिसेनाशा झाल्या, तर एवढंच कळलं की सिकल हिमोग्लोबिन आहे. वाहक आहे की आजारी, हे त्या टेस्टला कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी. आणि रेघा स्पष्ट दिसल्या तरी दोनदा विचार करा. पेशंटचं हिमोग्लोबिन सातच्या आसपास किंवा खाली असेल, तर टाकलेल्या थेंबभर रक्तात सिकल हिमोग्लोबिनच इतकं कमी असतं की गढूळपणा येत नाही. म्हणून सोल्युबिलिटीच्या आधी सीबीसीतलं हिमोग्लोबिन बघायचं, कमी असेल तर प्लाझ्मा काढून घट्ट पेशी वापरायच्या. सहा महिन्यांच्या आतलं लेकरू आणि नुकतीच रक्ताची बाटली लागलेला पेशंट, या दोघांच्या निगेटिव्हवरही विसंबू नये.

सिकलचा आजार असलेल्या लेकराच्या रिपोर्टात एक आकडा हमखास फसवतो, पांढऱ्या पेशींचा. डब्ल्यूबीसी २४,००० आला की इन्फेक्शनची धावपळ सुरू होते. स्लाइड बघा. शंभर पांढऱ्या पेशींमागे तीस लाल पेशी केंद्रकासकट दिसल्या तर त्या मशीननं पांढऱ्यांत मोजल्या असण्याची शक्यता मोठी. २४,००० ला शंभरनं गुणायचं आणि एकशे तीसनं भागायचं. उत्तर येतं साधारण १८,५००. तरीही जास्तच, पण डॉक्टरांना खरा आकडा द्यायला हवा. काही नवी मशीन या पेशी वेगळ्या मोजून वजाबाकी आपणच करतात. तुमचं करतं की नाही, हे रुजू झाल्या दिवशी विचारून घ्या, नाहीतर दोनदा वजा कराल.

शेवटी प्लेटलेट, कारण ऑगस्टपासून दिवाळीपर्यंत तुम्ही त्याच मोजणार आहात. डेंग्यूच्या दिवसांत वऱ्हाडातल्या प्रत्येक घरात प्लेटलेटचा आकडा क्रिकेटच्या स्कोअरसारखा विचारला जातो, पपईच्या पानांचा रस काढला जातो, आणि आकडा पडला की रात्री अँब्युलन्स नागपूरच्या वाटेला लागते. अमरावतीहून दीडशे किलोमीटर. त्या प्रवासाला पेशंट निघतो तो तुमच्या एका ओळीवर.

अशी केस समजा. मध्यमवयीन बाई, ऑपरेशनआधीची नेहमीची तपासणी. ताप नाही, हिरड्यांतून रक्त नाही, अंगावर डाग नाहीत. मशीन म्हणतं, प्लेटलेट १८,०००. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, सगळं नॉर्मल. अठरा हजार प्लेटलेट असलेला माणूस सहसा इतका ठणठणीत नसतो, म्हणून आधी ट्यूबमध्ये काडी फिरवून गाठ शोधा. रक्त काढायला वेळ लागला असेल, ट्यूब नीट आठ-दहा वेळा उलटी केली नसेल, तर बारीकशी गाठ असते आणि निम्म्या प्लेटलेट तिच्यात अडकलेल्या असतात. गाठ सापडली तर नवं सॅम्पल, बाकी चर्चा नको. गाठ नसेल तर लिशमनची स्लाइड करा आणि ती मधोमध बघून उठू नका. शेपटीच्या कडेला जा. प्लेटलेटचे पुंजके असतील तर ते तिकडे ओढले गेलेले असतात. या बाईच्या स्लाइडला कडेला वीस-वीस, तीस-तीसचे पुंजके होते. ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट ट्यूबमध्येच एकमेकींना चिकटतात, शरीरात नाही. अशा वेळी निळ्या टोपणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये रक्त घ्यायचं आणि लगेच लावायचं. तिथे आलं १,५६,०००. सायट्रेटचं पाणी मिसळलेलं असतं, म्हणून १.१ नं गुणायचं, साधारण १,७२,०००. ऑपरेशन ठरल्या दिवशी झालं. काहींच्या सायट्रेटमध्येही चिकटतात. मग स्लाइडवरच अंदाज द्यायचा: पेशी एकेक सुट्या पसरलेल्या भागात तेलाच्या लेन्सखाली दहा फील्डमधल्या प्लेटलेट मोजून सरासरी काढायची आणि पंधरा हजारांनी गुणायची.

उलटंही होतं. लोह फार कमी असलेल्या पेशंटच्या काही लाल पेशी इतक्या बारीक असतात की मशीन त्यांना प्लेटलेट समजतं. मग डेंग्यूत खरोखर पडलेल्या प्लेटलेट बऱ्या दिसतात. एमसीव्ही साठच्या खाली आणि पेशंट तापानं फणफणलेला असेल, तर चांगल्या प्लेटलेट काउंटवरही स्लाइड बघा. पहिल्या चुकीनं विनाकारण धावपळ होते; ही दुसरी चूक माणसाला घरी पाठवते.

सॅम्पल सलाइन चालू असलेल्या हातातून काढलंय की काय, याची शंका यायला कालचा रिपोर्ट पुरतो. काल हिमोग्लोबिन १२.१, पांढऱ्या पेशी ९,०००, प्लेटलेट २.४ लाख, आज ८.०, ५,९००, १.६ लाख. तिन्ही एकतृतीयांशानं खाली, एमसीव्ही जागच्या जागी. रक्तस्राव झाला तर तिन्ही इतक्या नेटक्या हिशेबानं पडत नाहीत. वॉर्डात फोन करून विचारा, कोणत्या हातातून काढलं. सिस्टर चिडतील. दुसऱ्या हातातून सॅम्पल मागा.

आणि एक गोष्ट रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांसाठी सोडा: निदान. तुम्ही 'थॅलेसेमिया' लिहायचं नाही, 'आरबीसी जास्त, एमसीव्ही कमी. फेरिटिन आणि एचपीएलसी सुचवतो' असं पॅथॉलॉजिस्टना दाखवायचं. 'डेंग्यू' लिहायचं नाही, 'प्लेटलेट स्लाइडवर तपासून खात्री केली' लिहायचं. जीवघेणा आकडा खरा निघाला तर मात्र छापील रिपोर्टची वाट बघायची नाही. फोन लावायचा, आकडा सांगायचा, पलीकडच्याकडून परत वदवून घ्यायचा, आणि कुणाला किती वाजता सांगितलं ते रजिस्टरमध्ये लिहायचं. उद्याच्या तोंडी परीक्षेला याच रजिस्टरबद्दल विचारतील, तेव्हा ते कोणत्या टेबलावर असतं हे आजच पाहून ठेवा.